विश्लेषण : शीतगृहाची भिंत, कारखान्याचे छत… ‘पफ’ पॅनेल बरे की रॉकवूल?

औद्योगिक वसाहतीत नवीन शेड उभी राहताना आता विटांच्या भिंती क्वचितच दिसतात. ट्रकमधून पांढऱ्या पत्र्याचे लांबलचक, जाड फळे उतरतात, ते लोखंडी सांगाड्याला स्क्रूने आवळले जातात आणि काही आठवड्यांत छत-भिंती तयार होतात. द्राक्ष, दूध, मासळी, औषधे यांसाठीच्या शीतखोल्याही याच फळ्यांच्या असतात. बाहेरून सगळे फळे सारखेच दिसतात. दोन पत्र्यांच्या मध्ये काय भरले आहे, यावर मात्र विजेचे बिल, छताचे आयुष्य आणि आग लागल्यास आतल्या माणसांना मिळणारा वेळ ठरतो. हा ‘गाभा’ निवडायचा कसा?

सँडविच पॅनेल म्हणजे नेमके काय?

दोन पातळ रंगीत पोलादी पत्रे आणि त्यांच्या मध्ये उष्णता अडवणारा गाभा, असे हे पॅनेल असते. पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. गाभा ५० ते २०० मिलिमीटरपर्यंत असू शकतो. पत्रे आणि गाभा एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने तिन्ही मिळून एखाद्या तुळईसारखे काम करतात. एकटा पत्रा हाताने वाकवता येतो, पण पॅनेल दोन आधारांमधले काही मीटरचे अंतर सहज पेलते. म्हणजे गाभा नुसता भराव नसतो, तो पॅनेलच्या ताकदीचाही भाग असतो. पत्रा गाभ्यापासून सुटला की ही ताकदही जाते.

बाजारात गाभ्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला पॉलियुरेथेन फोमचा, ज्याला ठेकेदार ‘पफ’ म्हणतात. दोन द्रव रसायने पत्र्यांच्या मध्ये ओतली की ती फुगतात, घट्ट होतात आणि स्वतःच पत्र्यांना चिकटतात. याचाच आगीला थोडा अधिक टिकणारा भाऊबंद म्हणजे पीआयआर अर्थात पॉलिआयसोसायन्युरेट. दुसरा प्रकार खनिज लोकरीचा, म्हणजे रॉकवूलचा. बेसॉल्टसारखा दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, थोड्या राळेने ते बांधतात आणि तयार झालेल्या लाद्यांच्या पट्ट्या कापून गोंदाने पत्र्यांना चिकटवतात. पट्ट्या अशा बसवतात की तंतू पत्र्याला काटकोनात उभे राहतील. तसे केले तरच लोकर दाब पेलते.

उष्णता अडवण्यात दोघांत फरक किती?

फोममध्ये लाखो बारीक बंद पेशी असतात आणि त्यांत हवेपेक्षा कमी उष्णतावाहक वायू कोंडलेला असतो. लोकरीत तंतूंमध्ये साधी हवा अडकलेली असते. त्यामुळे सारख्या जाडीला फोम जवळपास दुप्पट उष्णता अडवतो. उष्णतावहनाचा अंक फोमसाठी साधारण ०.०२३, तर पॅनेलमधल्या लोकरीसाठी ०.०४२च्या आसपास असतो. अंक जितका लहान, तितका गाभा चांगला. फोमच्या पेशींतला वायू वर्षानुवर्षांत थोडा थोडा निसटतो. म्हणून कारखान्यातून निघालेल्या ताज्या फोमचा अंक न धरता ‘जुन्या झालेल्या’ फोमचा अंक धरून हिशेब करावा. वर दिलेला अंक तसाच आहे.

उदाहरणादाखल नाशिक परिसरातील द्राक्षांची एक शीतखोली धरू. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर, उंची ५ मीटर. भिंती आणि छत मिळून ५०० चौरस मीटर भरतात. जमिनीचा हिशेब वेगळा असतो, तो इथे सोडून देऊ. आत शून्य अंश, बाहेर सरासरी ३५ अंश. पॅनेल १०० मिलिमीटरचे. फोमच्या भिंती-छतातून आत येणारी उष्णता सुमारे ४ किलोवॉट भरते. तेवढ्याच जाडीच्या रॉकवूलमधून ती सुमारे ७.३ किलोवॉट येते. हा ३.३ किलोवॉटचा फरक शीतयंत्राला दिवसरात्र बाहेर फेकावा लागतो. एक युनिट वीज खर्चून यंत्र अडीच युनिट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तर रोज सुमारे ३२ युनिट वीज जास्त लागते. ९० दिवसांच्या हंगामात ती जवळपास २,९०० युनिट होते.

याचा अर्थ अख्ख्या शीतगृहाचे बिल दुप्पट होते असा नाही. बागेतून आलेल्या गरम मालाची उष्णता, वारंवार उघडणारा दरवाजा, आतले पंखे यांचा भार भिंतीतून येणाऱ्या उष्णतेपेक्षा बऱ्याचदा मोठा असतो. पण तो भार कामाच्या वेळेपुरता असतो. भिंतीतून येणारी उष्णता मात्र खोली थंड असेपर्यंत थांबत नाही.

मग रॉकवूल जाड घेतले तर प्रश्न सुटेल?

उष्णतेचा सुटेल, वजनाचा वाढेल. १०० मिलिमीटर फोमची बरोबरी करायला सुमारे १८० मिलिमीटर रॉकवूल लागते. फोमचे घनमीटरला वजन ४० किलोच्या आसपास असते, तर पॅनेलमधल्या लोकरीचे १०० किलो किंवा त्याहून जास्त. दोन्ही पत्र्यांचे मिळून चौरस मीटरला ८ किलो धरले, तर फोमचे पॅनेल चौरस मीटरला १२ किलो आणि तेवढाच उपयोग देणारे रॉकवूलचे २६ किलो भरते. आपल्या खोलीच्या २०० चौरस मीटर छतावर हा फरक २,४०० किलो विरुद्ध ५,२०० किलो असा होतो. त्यानुसार टांगण्याचे गज, पर्लिन आणि खालचा सांगाडा दणकट करावा लागतो. भिंत जाड झाल्याने आतली जागाही कमी होते.

तरीही शीतखोलीत रॉकवूल कमी वापरले जाण्याचे मोठे कारण वजन नाही. ते आहे पाणी.

कोरड्या दिसणाऱ्या भिंतीत पाणी येते कुठून?

ते बाहेरच्या हवेतून येते. पावसाळ्यातील ३० अंश तापमानाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. ही हवा २६ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते. पॅनेलची बाहेरची बाजू ३० अंशांवर आणि आतली शून्यावर असेल, तर १०० मिलिमीटरच्या गाभ्यात दर सेंटीमीटरला तापमान ३ अंशांनी उतरते. म्हणजे बाहेरच्या पत्र्यापासून जेमतेम दीड सेंटीमीटर आत गेले की दवबिंदू गाठला जातो. तिथपर्यंत बाहेरची हवा पोहोचली, तर पाणी भिंतीच्या पोटात तयार होणार हे नक्की.

वाफ दाट असलेल्या ठिकाणाहून विरळ असलेल्या ठिकाणी जाते. वरच्या उदाहरणात बाहेरच्या हवेतील वाफेचा दाब आतल्यापेक्षा सहापट असतो. त्यामुळे वाफ सतत आत शिरू पाहते. अखंड पोलादी पत्र्यातून ती जात नाही. ती जाते सांध्यातून, स्क्रूच्या भोकातून, केबलसाठी पाडलेल्या छिद्रातून, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातून.

आत शिरल्यावर गाभ्याचा फरक दिसतो. फोमच्या पेशी बहुतांश बंद असल्याने पाणी सांध्याजवळच अडखळते आणि नुकसान हळूहळू पसरते. लोकर मात्र मोकळी असते. तंतूंवर पाणी न शोषणारा लेप असला तरी वाफ तंतूंमधल्या हवेतून दूरवर जाते आणि थंड भागात जाऊन साचते. पाणी फोमच्या सुमारे पंचवीसपट, तर बर्फ पाण्याच्याही साधारण चौपट उष्णता वाहून नेतो. भिजलेला गाभा म्हणजे उष्णतेसाठी उघडलेली वाटच. शून्याखालच्या खोलीत हे पाणी गोठते, फुगते आणि पत्र्याला गाभ्यापासून सोडवते. एकदा आत साचलेले पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये कोंडलेले राहते. ते वाळवण्याचा सोपा उपाय नाही. बहुतेकदा ते पॅनेलच बदलावे लागते.

सांधा कसा असायला हवा?

पॅनेलच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असते. चांगल्या शीतखोलीच्या पॅनेलमध्ये कॅम लॉकही असतो. किल्ली फिरवली की आतला आकडा शेजारच्या पॅनेलला ओढून घेतो आणि सांधा आवळला जातो. पण नुसते आवळणे पुरत नाही. जोडण्यापूर्वी खाचेत न वाळणारे, मऊ राहणारे ब्यूटाइल सीलंट भरावे लागते. महत्त्वाचे म्हणजे वाफेला अडवणारा मुख्य थर खोलीच्या उबदार, म्हणजे बाहेरच्या बाजूला हवा. पुष्कळदा आतल्या बाजूने सिलिकॉनची सुबक रेघ ओढली जाते, बाहेरची बाजू छपराच्या पोकळीत दिसत नाही म्हणून तशीच राहते. मग वाफ बाहेरून शिरते, आतल्या सिलिकॉनपाशी अडकते आणि पाणी भिंतीतच साचते. फक्त आत रेघ मारणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकते.

पॅनेल स्वतः स्थिर बसत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. उन्हातला बाहेरचा पत्रा ६० अंशांवर आणि आतला शून्यावर असेल, तर दहा मीटर लांबीत बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा सुमारे ७ मिलिमीटर जास्त लांबू पाहतो. पॅनेल किंचित बाहेर बाक घेते आणि रात्री परत सरळ होते. रोजच्या या हालचालीत कडक झालेले सीलंट चिरते. म्हणूनच शीतखोली शक्यतो मोठ्या शेडच्या आत, थेट उन्हापासून दूर उभारतात आणि बाहेरच्या भिंतींसाठी गडद रंग टाळतात.

गाभा भिजू लागला आहे हे ओळखावे कसे?

पहिली खूण म्हणजे बाहेरच्या बाजूने सांध्याच्या रेषेवर येणारा घाम. बाकी पत्रा कोरडा आणि सांधा ओला असेल, तर तिथे थंडी गळते आहे. दुसरी खूण आतून दिसते. सांध्याच्या किंवा केबलच्या तोंडाशी बर्फाची कडा धरते आणि खरवडली तरी पुन्हा येते. तिसरी खूण छताची. एखादे पॅनेल शेजारच्यापेक्षा खाली आले असेल किंवा पत्रा फुगला असेल, तर गाभ्यात पाणी किंवा बर्फ असण्याची शक्यता मोठी. पत्र्यावर बोटाने ठोकल्यास चिकटलेल्या आणि सुटलेल्या भागांचा आवाज वेगळा येतो. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बाहेरून पाहिले तर ओले पट्टे थंड दिसतात. मात्र ही तपासणी ऊन नसताना, पहाटे करावी. माल तेवढाच आणि हवामान तेच असूनही शीतयंत्र पूर्वीपेक्षा जास्त तास चालत असेल, तर भिंत तपासायला हवी.

आगीच्या बाबतीत काय?

इथे पारडे पूर्ण फिरते. दगडाचे तंतू एक हजार अंशांपुढेही टिकतात. लोकरीतील राळेचा थोडा अंश जळतो, पण गाभा आगीला इंधन पुरवत नाही. युरोपीय वर्गीकरणात अशी पॅनेल ‘ए १’ किंवा ‘ए २’ या ज्वलनास जवळपास हातभार न लावणाऱ्या गटांत येतात. पॉलियुरेथेन हे सेंद्रिय रसायन आहे. ते पेटते, दाट काळा धूर सोडते आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. पीआयआरवर आगीत कोळशाचा थर धरतो आणि तो आतल्या फोमला काही काळ वाचवतो, म्हणून ते पफपेक्षा सरस आहे. पण तेही न जळणारे नाही.

दोन्ही बाजूंना पत्रा असल्याने फोम सुरक्षित आहे, असे अनेकांना वाटते. पत्रे शाबूत आणि सांधे बंद असतील तोवर ते बऱ्याच अंशी खरेही आहे. धोका तयार होतो तो भोक पडल्यावर. केबलसाठी पाडलेल्या छिद्रात फोम उघडा राहिला, वायर तापली किंवा वेल्डिंगची ठिणगी आत गेली, तर आग पत्र्यांच्या मध्ये धुमसत राहते. बाहेरून ज्वाळा दिसत नाहीत. आणि दिसल्यावर अग्निशमन दलाचे पाणी पत्र्यावरून ओघळते, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. माल पावसात वाचवणारा पत्रा आगीत फोम वाचवतो, तो असा.

दक्षिण कोरियातील इचॉन शहराने हे दोनदा पाहिले. जानेवारी २००८ मध्ये तिथल्या बांधकाम सुरू असलेल्या शीतगोदामात आग लागून ४० जणांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२० मध्ये त्याच शहरात गोदामाचे बांधकाम चालू असताना पुन्हा आग लागली आणि ३८ कामगार दगावले. दुसऱ्या आगीच्या तपासात असे आढळले, की तळघरात शीतयंत्राच्या नळ्यांचे वेल्डिंग करताना उडालेली ठिणगी युरेथेन फोमला लागली. फोम आधी ज्वाळेविना धुमसला आणि मोकळी हवा मिळताच भडकला. आणखी एक गोष्ट पुढे आली. तळघरातून बाहेर जाणारी एक वाट भिंत घालून बंद केलेली होती. कारण होते आत हवा शिरून दव धरू नये हे. पाण्याशी चाललेल्या लढाईत आगीतून सुटण्याचा रस्ता बंद झाला होता. त्यानंतर दक्षिण कोरियाने नियम कडक केले आणि पत्र्याबरोबरच गाभ्याच्या ज्वलनशीलतेवरही अट घातली.

या घटनांमधून दिसते की सर्वांत धोकादायक काळ इमारत वापरात येण्यापूर्वीचा असू शकतो. उघडे फोम, फवारणी, वेल्डिंग आणि अपुऱ्या वाटा तेव्हाच एकत्र असतात. नळ्यांचे सगळे वेल्डिंग पॅनेल बसवण्यापूर्वी उरकणे आणि नंतर करावेच लागले तर पाणी घेऊन माणूस उभा करणे, काम संपल्यावरही त्याला काही काळ तिथेच थांबवणे, हे स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहेत.

मग कुठे काय वापरावे?

थंड खोलीसाठी पीआयआर किंवा पफ, हा उष्णता आणि पाण्याच्या दृष्टीने बरोबर निर्णय आहे. विमा कंपनी किंवा अग्निशमन विभागाचा आक्षेप नसेल तर पीआयआरला पसंती द्यावी. पण ती खोली ज्या इमारतीत आहे, तिचे भाग पाडणाऱ्या भिंती रॉकवूलच्या असाव्यात. शीतयंत्राची खोली, विद्युत पॅनेलची खोली, बॅटरी चार्जिंगची जागा आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यांचे गोदाम यांना शीतखोलीपासून वेगळे करणारी भिंत न जळणारी असली, तर एका टोकाची आग दुसऱ्या टोकाला पोहोचायला वेळ लागतो.

साध्या कारखान्याच्या छताचा हिशेब निराळा. तिथे आत-बाहेरच्या तापमानातला फरक शीतखोलीइतका नसतो आणि वाफेचा दाबही तितका एकतर्फी नसतो. त्यामुळे पाण्याचा मुद्दा मागे पडतो आणि आगीचा पुढे येतो. भट्टी, रंगकाम, कापूस, लाकूड किंवा ज्वलनशील द्रव असलेल्या कारखान्याला रॉकवूलचे छत योग्य ठरते. त्यात पत्र्यावरच्या पावसाचा आवाजही बराच कमी होतो. केवळ उन्हाची झळ अडवायची असेल आणि आत जळण्यासारखे फारसे काही नसेल, तर ५० मिलिमीटरचे हलके फोम पॅनेल पुरते. मात्र छतावर सौर पॅनेल बसवायचे असतील, तर वायरिंग आणि गाभा यांचा विचार एकत्रच करावा लागतो. रॉकवूलच्या छतावर पाणी गळू लागले तर ते लगेच थांबवावे. स्क्रूखालचे रबराचे वॉशर उन्हाने तडकले की गळती तिथूनच सुरू होते.

खरेदी करताना काय तपासावे?

पहिले म्हणजे वजन. १०० मिलिमीटर फोम आणि अर्ध्या मिलिमीटरच्या दोन पत्र्यांचे पॅनेल चौरस मीटरला सुमारे १२ किलो भरायला हवे. ते बरेच हलके असेल तर पत्रा पातळ आहे किंवा फोम विरळ. कापलेल्या तुकड्याच्या पत्र्याची जाडी मापून आणि गाभा वेगळा तोलून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळतात. रॉकवूलच्या तुकड्यात तंतू उभे आहेत का आणि पट्ट्यांमध्ये फट आहे का, हे डोळ्यांनी दिसते.

दुसरे म्हणजे आगीचा दाखला. ‘आयएस १२४३६’ हे भारतीय मानक पॉलियुरेथेन आणि पीआयआर फोमसाठी आहे, पण तो दाखला फोमचा असतो. पॅनेल म्हणजे फोम, पत्रा आणि सांधा यांची एकत्र बनावट. त्यामुळे चाचणी संपूर्ण पॅनेलची, सांध्यासकट आणि विकत घेतोय त्याच जाडीची झाली आहे का, हे विचारावे. विक्रेता फोमच्या तुकड्याला लायटर लावून तो आपोआप विझतो हे दाखवतो, त्याला फारसा अर्थ नाही. इवल्या ज्योतीपुढे विझणारा फोम मोठ्या आगीत पेटतो.

तिसरी तपासणी पॅनेल बसल्यानंतरची. केबल आणि नळीसाठी पाडलेले प्रत्येक भोक मोजून, त्याची कड पत्र्याच्या कॉलरने झाकली आहे का आणि तोंड न जळणाऱ्या सीलंटने बंद आहे का, हे पाहावे. यादी करून ती देखभालीच्या वहीत ठेवावी, कारण पुढच्या दहा वर्षांत कॅमेरा, इंटरनेट, नवा दिवा अशा कामांसाठी कोणीतरी नवी भोके पाडणारच असते. वाफ आणि आग, दोन्ही त्याच भोकातून आत जातात.